टीममधल्या सहकाऱ्याची दीर्घ रजा: संचालकांना शिफारशीचा मेल कसा लिहावा

टीम लीड झाल्यावर एक-दोन दिवसांच्या रजा आपणच सिस्टीममध्ये मंजूर करतो. पण कुणी दोन-तीन महिन्यांची रजा मागितली की तो अधिकार बहुतेक कंपन्यांत आपल्याकडे नसतो. अर्ज वर जातो आणि त्यासोबत आपली शिफारस जाते. नव्या लीडच्या हातून ही शिफारस साधारण दोन प्रकारे लिहिली जाते. एक म्हणजे ‘अर्ज जोडला आहे, कृपया मंजुरी द्यावी’ एवढंच लिहून हात झटकणं. दुसरा प्रकार म्हणजे सहकाऱ्यावर आलेल्या प्रसंगाचं पानभर वर्णन.

दोन्हींत संचालकांना हवं ते मिळत नाही. त्या माणसाबद्दल त्यांना सहानुभूती असतेच. त्यांचा प्रश्न मागे राहणाऱ्या कामाचा असतो. म्हणून शिफारस म्हणजे ‘हे काम मी सांभाळतो आणि ते असं सांभाळणार आहे’ हे लेखी देणं. सहकाऱ्याचं कारण दोन ओळींत सांगून होतं, बाकीचा मेल तुमच्या तयारीबद्दल असतो.

हे एका उदाहरणावरून बघू. कोल्हापुरातली एक कंपनी नागरी सहकारी बँका आणि पतसंस्थांना बँकिंगचं सॉफ्टवेअर पुरवते. तुम्ही तिथल्या सपोर्ट टीमचे लीड आहात. टीममधली अनुभवी इंजिनियर (तिला मधुरा म्हणू) आपल्या धाकट्या भावाला मूत्रपिंड देणार आहे. भाऊ डायलिसिसवर आहे, शस्त्रक्रिया पुण्यात ठरली आहे. तिला १९ जानेवारी २०२६ पासून १२ आठवडे रजा हवी आहे, म्हणजे ती १३ एप्रिलला परत येईल. आता खरी अडचण अशी की मधुरा ११ ग्राहकांचं मार्च एंड सांभाळते, आणि ३१ मार्च रजेच्या आत पडतो.

आधी मधुराशी बोला, आणि काय लिहायचं ते तिलाच ठरवू द्या

मेल लिहायला बसण्याआधी सहकाऱ्याबरोबर निवांत अर्धा तास काढा. दोन गोष्टी स्पष्ट करून घ्यायच्या आहेत.

पहिली गोष्ट, कारण किती उघड करायचं. ‘वैद्यकीय कारण’, ‘कुटुंबातल्या व्यक्तीला अवयवदान’ आणि ‘भावाला मूत्रपिंडदान’ या तीन पायऱ्या आहेत. कोणत्या पायरीवर थांबायचं हे ती ठरवेल. संचालकांना पटावं म्हणून तुम्ही आपल्या मनाने एक पायरी वर चढू नका. भावाला आजार कसा झाला, घरची आर्थिक स्थिती कशी आहे, यातलं काहीच मेलमध्ये येण्याची गरज नसते. तपासण्यांचे रिपोर्ट आणि डॉक्टरांचं पत्र तिने थेट एचआरकडे द्यावं. तुमच्या मेलला ते जोडू नका, कारण मेल पुढे कुणाकुणाला फॉरवर्ड होईल हे तुमच्या हातात राहत नाही.

दुसरी गोष्ट, १२ आठवड्यांचा हिशोब. ‘तीन महिने लागतील’ या वाक्याने कुणाचं समाधान होत नाही, तुमचंही होऊ नये. मधुराच्या बाबतीत हिशोब असा निघतो. पहिला आठवडा पुण्यात राहून शेवटच्या तपासण्या आणि दाखल होणं. शस्त्रक्रिया २७ जानेवारीला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर दात्याला साधारणपणे काही दिवसांत घरी सोडतात, पण टेबलावरच्या कामाला परतायलाही चार ते सहा आठवडे लागतात आणि जड उचलायला त्या काळात मनाई असते. डॉक्टरांनी तिला सहा आठवडे सांगितले आहेत, शस्त्रक्रियेच्या आठवड्यापासून धरले तर ते ८ मार्चला संपतात. त्यानंतरचे पाच आठवडे भावाची काळजी घेण्यासाठी. नवं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी कमी ठेवावी लागते. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत संसर्गाचा धोका जास्त असतो आणि रक्ततपासणीसाठी वारंवार जावं लागतं. घरी आईवडील वयस्क आहेत, कोल्हापूर-पुणे फेऱ्या करणारं दुसरं कुणी नाही. एक, सहा आणि पाच मिळून बारा.

असा हिशोब मांडला की एक कमकुवत जागा लगेच दिसते, आणि ती तुम्हाला संचालकांच्या आधी दिसायला हवी. ८ मार्चनंतर मधुरा स्वतः बरी झालेली असेल. मार्च एंड तेव्हाच तापायला लागतो. मग निदान घरून काम का नाही? या प्रश्नाचं उत्तर मेलमध्ये असलंच पाहिजे. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

एचआरकडून रजेचं गणित पक्कं करून घ्या

शिफारशीत रजेचा प्रकार चुकला तर सगळा मेल परत येतो. एचआरला विचारायचं ते एवढंच: तिच्या खात्यावर कोणती रजा किती शिल्लक आहे, सलग रजेत मधल्या शनिवार-रविवारचे दिवस धरतात का, आणि बिनपगारी रजेची मंजुरी नेमकी कोण देतं.

आपल्या उदाहरणात शनिवार-रविवार धरत नाहीत. १२ आठवड्यांचे ६० दिवस, त्यातून कंपनीच्या ३ सुट्या वजा केल्या की ५७ कामाचे दिवस उरतात. मधुराची अर्जित रजा ३४ दिवस, आजारपणाची ७. राहिलेले १६ दिवस बिनपगारी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. त्यामुळे कंपनीच्या नियमात ३० ची मर्यादा दिसली तर एचआरला एकदा जरूर विचारा.

इथे एक फरक लक्षात ठेवा. प्रसूती रजेसारखी रजा कायद्याने मिळालेला हक्क आहे, पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांपर्यंत. तिच्यासाठी ‘मंजुरीची शिफारस’ लिहायची नसते. फक्त तारखा आणि कामाची व्यवस्था कळवायची असते. शिफारस लागते ती जिथे वरिष्ठांना निर्णय घेण्याची मोकळीक आहे तिथे.

अवयवदानाच्या बाबतीत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना २०२३ च्या आदेशानुसार ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते. खासगी कंपनीवर तो बंधनकारक नाही. पण संचालकांपुढे ठेवायला तो चांगला दाखला आहे, कारण अशा कारणासाठी मोठी रजा देण्याची पद्धत सरकारनेही मान्य केली आहे हे त्यातून दिसतं. दाखला म्हणूनच तो वापरा, ‘द्यावीच लागेल’ असा सूर लावू नका.

कामाची सोय मेलच्या आधी लावा

सगळ्यात जास्त वेळ याला द्या. ‘मधुराचं काम टीममध्ये वाटून घेऊ’ हे वाक्य प्रत्येक शिफारशीत असतं आणि त्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही. कोणतं काम, कुणाकडे, कोणत्या तारखेपासून, आणि त्याला ते जमतं हे कशावरून, एवढ्याचं उत्तर हवं.

मधुराची कामं लिहून काढली की ती तीन गटांत पडतात. रोजच्या तक्रारी सोडवणं हे काम कुणीही घेऊ शकतं. एका पतसंस्थेचा जुना डेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणण्याचं काम फेब्रुवारीत ठरलं आहे, ते पुढे ढकलता येतं. तिसरं मार्च एंड: ठेवींचं आणि बचत खात्यांचं व्याज टाकणं, थकीत कर्जांची वर्गवारी, नफा-तोटा खाती बंद करून नव्या वर्षाच्या सुरुवातीच्या शिलका उघडणं. हे पुढे ढकलता येत नाही आणि चुकलं तर ग्राहक बँकेला ऑडिटमध्ये भोगावं लागतं. संचालकांची काळजी या तिसऱ्या गटाची आहे. तुमच्या मेलचा भर तिथेच हवा.

तिच्या जागी कोण, हे ठरवताना त्या माणसाला आधी विचारा. आपल्या टीममध्ये निखिलने गेल्या वर्षी मधुराबरोबर दोन बँकांचं क्लोजिंग केलं आहे. तीन बँका तो घेईल. आठ पतसंस्थांचं काम तुलनेने सोपं आहे, ते सायली घेईल, पण तिला १६ मार्च ते १० एप्रिल एक जोडीदार लागेल. तो इम्प्लिमेंटेशन टीममधून मागावा लागणार. त्या टीमच्या लीडशी मेलच्या आधी बोलून घ्या. संचालकांना तुमचा मेल मिळावा आणि त्यांना ‘मला कुणी विचारलंच नाही’ असं त्या लीडकडून ऐकावं लागावं, यासारखं नुकसान नाही.

आता ‘जमतं हे कशावरून’. याचं एकच खात्रीचं उत्तर म्हणजे रंगीत तालीम. गेल्या ३१ मार्चचा बॅकअप टेस्ट सर्व्हरवर घ्यायचा आणि निखिल-सायलीने त्यावर पूर्ण क्लोजिंग करायचं. मधुराने शेजारी बसायचं, कीबोर्डला हात लावायचा नाही, ते जिथे अडतील ते टिपून घ्यायचं. शेवटी व्याजाची बेरीज आणि सुरुवातीच्या शिलका गेल्या वर्षीच्या खऱ्या आकड्यांशी जुळवायच्या. पैशापर्यंत जुळलं तर काम जमलं. जुळलं नाही, तर फरक कुठे पडला तेही त्याच दिवशी कळतं. ही तालीम रजेच्या आधी व्हायला हवी, आणि एकदा फसली तर पुन्हा करण्याइतका वेळ मध्ये राहायला हवा. म्हणून ८ आणि ९ जानेवारी, आणि राखीव १५-१६ जानेवारी.

आणखी एक गोष्ट नवे लोक हमखास विसरतात: ग्राहकांच्या सर्व्हरवरचा प्रवेश. तो मधुराच्या नावाने दिलेला असतो. निखिलच्या नावाने तो मिळवायला बँकेला पत्र द्यावं लागतं, तिथल्या व्यवस्थापकांची सही लागते, आणि त्यात दिवस जातात. तिचा पासवर्ड वापरण्याचा मोह होईल. तसं कधीच करू नका. ज्याने काम केलं त्याचंच नाव नोंदीत दिसलं पाहिजे. पत्रं डिसेंबरमध्येच गेली पाहिजेत.

जे नुकसान होणार आहे ते तुम्हीच सांगा

एक माणूस तीन महिने नसताना काहीच अडणार नाही, असं लिहिलं तर वाचणारा दोनपैकी एक निष्कर्ष काढतो: एकतर तुम्ही नीट विचार केलेला नाही, किंवा त्या माणसाची गरजच नाही. दुसरा निष्कर्ष मधुरासाठी घातक आहे. म्हणून जे होणार नाही ते स्पष्ट लिहा. आपल्या उदाहरणात त्या पतसंस्थेचं डेटाचं काम मे महिन्यात जाईल आणि त्यांना तसं कळवावं लागेल. इम्प्लिमेंटेशनचा एक माणूस चार आठवडे जाईल. मार्चमध्ये साध्या तक्रारींना उत्तर द्यायला नेहमीपेक्षा उशीर होईल.

याच ठिकाणी घरून काम करण्याचा प्रश्नही येतो. ‘गरज पडल्यास मधुरा फोनवर उपलब्ध असेल’ हे वाक्य लिहू नका. ते लिहायला सोपं आहे, बहुतेक सहकारी संकोचाने त्याला होही म्हणतात. पण त्याचा अर्थ असा होतो की तुमची योजना तिच्याशिवाय चालत नाही. अनुभवी संचालक ते बरोबर ओळखतात. शिवाय ९ मार्चनंतर तिच्या दिवसांचा भरवसा नाही. ३१ तारखेच्या रात्री भावाला ताप आला तर ती पुण्याच्या वाटेवर असेल. मार्च एंडच्या वेळी येईल-न येईल अशा माणसावर काम सोपवण्यापेक्षा तो माणूस नाही असं धरून आखणी करणं सुरक्षित. हे कारण कामाच्या बाजूचं आहे, म्हणून ते पटतं. आणि तिलाही त्या आठवड्यांत फोनची धास्ती राहत नाही.

मेल

विषयाच्या ओळीत निर्णय काय हवा, कुणाबद्दल आणि कधीपर्यंत, हे तिन्ही यावं, मात्र वैद्यकीय कारण येऊ नये. विषयाची ओळ स्क्रीनवर कुणालाही दिसते. पहिल्याच परिच्छेदात शिफारस यावी, कारण संचालक मेल बहुधा फोनवर वाचतात आणि पहिल्या चार ओळींनंतर पुढचं वाचायचं की नंतर बघायचं ते ठरवतात.

> विषय: मंजुरीसाठी: मधुरा यांची दीर्घ रजा, १९ जानेवारी ते १२ एप्रिल २०२६ (निर्णय २२ डिसेंबरपर्यंत अपेक्षित)
>
> नमस्कार सर,
>
> सपोर्ट टीममधल्या मधुरा यांनी १९ जानेवारी ते १२ एप्रिल अशी १२ आठवड्यांची रजा मागितली आहे. त्या आपल्या भावाला मूत्रपिंड देणार आहेत. ही रजा पूर्ण कालावधीसाठी मंजूर करावी अशी माझी शिफारस आहे. मार्च एंड या काळात येतो याचा विचार करूनच मी हे लिहीत आहे. त्याची व्यवस्था खाली दिली आहे.
>
> कालावधी: शस्त्रक्रिया २७ जानेवारीला पुण्यात आहे. आधीचा एक आठवडा तपासण्यांसाठी, नंतरचे सहा आठवडे डॉक्टरांनी त्यांना सांगितलेल्या विश्रांतीसाठी आणि पुढचे पाच आठवडे भावाच्या देखभालीसाठी आहेत. शस्त्रक्रिया मार्चनंतर नेता येईल का, असा प्रश्न साहजिक आहे. भाऊ सध्या डायलिसिसवर आहे आणि तारीख डॉक्टरांनी ठरवली आहे, त्यामुळे ती आपल्या कामानुसार बदलावी असं मी त्यांना सुचवलेलं नाही. वैद्यकीय कागदपत्रं एचआरकडे दिली आहेत.
>
> रजेचा प्रकार: एकूण ५७ कामाचे दिवस. अर्जित ३४, आजारपणाची ७, बिनपगारी १६. एचआरने हे तपासलं आहे.
>
> मार्च एंड: मधुरा यांच्याकडे ११ ग्राहक आहेत. तीन बँकांचं क्लोजिंग निखिल करतील. त्यांनी गेल्या वर्षी दोन बँकांवर हे काम केलं आहे. आठ पतसंस्थांचं काम सायली करतील. ८ आणि ९ जानेवारीला गेल्या वर्षीच्या डेटावर हे दोघं मधुरा यांच्या समोर पूर्ण क्लोजिंग करतील आणि आकडे गेल्या वर्षीच्या आकड्यांशी जुळवतील. निकाल मी ९ तारखेला संध्याकाळी आपल्याला कळवतो. काही राहिलं तर १५ आणि १६ जानेवारी राखीव ठेवले आहेत. ३० मार्च ते ४ एप्रिल मी स्वतः क्लोजिंगवर असेन.
>
> ८ मार्चनंतर घरून काम करण्याचा पर्याय मी विचारात घेतला. त्या काळात त्यांना भावासोबत वारंवार पुण्याला जावं लागेल, त्यामुळे कोणत्या दिवशी किती वेळ मिळेल हे आधी सांगता येणार नाही. क्लोजिंगची आखणी त्यांच्यावर अवलंबून ठेवणं मला धोक्याचं वाटतं, म्हणून ती त्यांच्याशिवाय केली आहे.
>
> याचा परिणाम: फेब्रुवारीत ठरलेलं एका पतसंस्थेचं डेटा स्थलांतर मे महिन्यात न्यावं लागेल. आपली संमती मिळाल्यावर मी त्यांना कळवीन. मार्चमध्ये साध्या तक्रारींना एक दिवस जास्त लागेल.
>
> आपल्याकडून तीन गोष्टी हव्यात:
> १. १२ आठवड्यांच्या रजेला मंजुरी.
> २. इम्प्लिमेंटेशन टीममधला एक सहकारी १६ मार्च ते १० एप्रिल सपोर्टला. त्यांच्या लीडशी बोललो आहे, त्यांची तयारी आहे.
> ३. शस्त्रक्रियेची तारीख पुढे गेली तर दोन आठवड्यांपर्यंत रजा तितकीच पुढे सरकवण्याची मुभा. त्याहून जास्त बदल झाल्यास पुन्हा आपल्याकडे येईन.
>
> एक वेगळी विनंती, जिच्यावर वरची मंजुरी अवलंबून नाही: अवयवदानासाठी केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा देतं. आपल्याला ते बंधनकारक नाही, पण बिनपगारी १६ दिवसांपैकी काही दिवस विशेष सवेतन रजा म्हणून देता येतील का, याचा विचार व्हावा.
>
> मधुरा सहा वर्षं आपल्याकडे आहेत. निर्णय २२ डिसेंबरपर्यंत मिळाला तर काम सोपवण्यासाठी चार आठवडे हातात राहतील. काही विचारायचं असल्यास मी भेटायला येतो.
>
> आपला,
> टीम लीड, सपोर्ट

मेल सोमवारी, १५ डिसेंबरला सकाळी गेला असं धरू. सीसीमध्ये फक्त एचआर. टीमला, निखिललासुद्धा, या मेलची प्रत जाऊ नये. त्याला काम आणि तारखा कळल्या की पुरे.

यातल्या काही वाक्यांमागची कारणं सांगतो. मधुराच्या कामाचं कौतुक मी एकाच ओळीत ठेवलं आहे, आणि तेही फक्त वर्षांचा उल्लेख. ‘त्या अत्यंत मेहनती आहेत म्हणून त्यांना रजा द्यावी’ असं लिहिलं की रजा बक्षीस ठरते. मग टीममधल्या साधारण कामगिरीच्या माणसावर असाच प्रसंग आला तर त्याच्यासाठी काय लिहाल? कारण आणि तयारी या दोनच पायांवर शिफारस उभी राहू द्या.

‘उद्या सगळेच मागतील’ ही शंकाही संचालकांच्या मनात असते, जरी ते बोलून दाखवत नसले तरी. तिला मेलमध्ये थेट उत्तर दिलेलं नाही, पण उत्तर आहे: कारण कागदोपत्री आहे, ५७ पैकी ४१ दिवस तिच्या स्वतःच्या शिलकी रजेचे आहेत, आणि सवेतन जादा दिवसांची विनंती वेगळी काढली आहे. ती विनंती मुख्य शिफारशीत मिसळली असती तर एका ‘नाही’त दोन्ही गेल्या असत्या.

तिसऱ्या मागणीलाही महत्त्व आहे. प्रत्यारोपणाच्या तारखा हलतात. भावाला साधा संसर्ग झाला तरी शस्त्रक्रिया पुढे जाते. मुभा आधी मागितली नाही तर मधुराला पुण्यातल्या दवाखान्यातून नवा अर्ज करावा लागेल.

उत्तर आल्यावर

‘मंजूर’ असं आलं तर तो मेल एचआरला पाठवून सिस्टीममध्ये तिन्ही प्रकारांची रजा वेगवेगळी नोंदवून घ्या. बिनपगारी दिवसांबद्दल मधुराने एचआरला दोन गोष्टी विचाराव्यात असं तिला सांगा. त्या दिवसांचा पीएफ भरला जात नाही, त्यामुळे पीएफची जमा किती कमी होईल हे एक. आणि आईवडिलांच्या आरोग्य विम्याचा हप्ता पगारातून कापला जात असेल, तर ज्या महिन्यात पगार कमी असेल त्या महिन्यात तो कसा भरायचा हे दुसरं. आजारपणाच्या ऐन काळात विमा खंडित झाल्याचं कळणं फार महागात पडतं. ग्रॅच्युइटीबद्दल तिला शंका असेल तर निश्चिंत करा: मंजूर रजेने सेवा खंडित होत नाही.

‘आत्ता सहा आठवडे देऊ, पुढचं तेव्हा बघू’ असं उत्तर फार वेळा येतं. वरकरणी ते समंजस वाटतं. पण मग २ मार्चला, म्हणजे मार्च एंडला चार आठवडे असताना, मधुरा येणार की नाही हे कुणालाच माहीत नसेल, आणि निखिल-सायलीही पूर्ण जबाबदारी घेणार नाहीत. हेच कारण देऊन उलट मांडणी सुचवा: मंजुरी १२ आठवड्यांची, आणि २ मार्चला तुम्ही तयारीचा आढावा द्याल. बहुतेक संचालकांना नियंत्रण हवं असतं, ते आढाव्यातून मिळतं.

‘मार्चनंतरच’ असं ठाम उत्तर आलं तर मेलवर वाद घालू नका. भेटीची वेळ घ्या आणि विचारा की ११ पैकी कोणत्या ग्राहकाची सर्वात जास्त काळजी वाटते. बऱ्याचदा उत्तर एका बँकेचं नाव असतं. त्या एका बँकेसाठी जादा तालीम किंवा तुमची स्वतःची हजेरी देऊ केली की चर्चा पुढे सरकते. तरीही नकारच असेल तर कारण लेखी मागा आणि त्याच दिवशी मधुराला स्वतः सांगा. एचआरच्या सिस्टीममधून ‘नामंजूर’चा संदेश जाऊन तिला ते कळू नये.

आणि उत्तरच आलं नाही तर २२ तारखेची वाट बघत बसू नका. १८ डिसेंबरला फोन करा, त्याच मेलखाली एका ओळीत ‘आज बोलल्याप्रमाणे’ असं लिहून ठेवा. दरम्यान बँकांना द्यायची प्रवेशाची पत्रं थांबवू नका. रजा मंजूर झाली नाही तरी निखिलकडे त्या सर्व्हरचा प्रवेश असणं टीमच्या उपयोगाचंच आहे.

शेवटचं काम रजेच्या आदल्या शुक्रवारी, १६ जानेवारीला. संचालकांना तीन ओळींचा मेल: तालमीचा निकाल काय लागला, कोणत्या ग्राहकांकडे नव्या नावाने प्रवेश मिळाला आहे आणि कुणाकडे बाकी आहे, आणि सोमवारपासून मधुराच्या ग्राहकांचे फोन कुणाकडे जातील.